जुनं कार्ड, ‘सिबिल’ची भीती आणि एक साधा भागाकार

‘सर, हे तुमचं सगळ्यात जुनं कार्ड आहे. बंद केलंत तर सिबिल पडेल.’

क्रेडिट कार्ड बंद करायला फोन केलेल्या जवळपास प्रत्येकानं हे वाक्य ऐकलं असेल. फोन केला नसेल तर रीलमध्ये ऐकलं असेल. तिथे तर कुणीतरी कार्डाला आजोबांच्या घड्याळासारखं हातात धरून सांगत असतं, पहिलं कार्ड कधीच बंद करायचं नाही, आयुष्यभर सांभाळायचं. दुसऱ्या बाजूला आपल्या घरातली मोठी माणसं असतात. त्यांच्या लेखी कार्ड म्हणजे कर्ज आणि कर्ज म्हणजे कटकट, तेव्हा ते जितक्या लवकर मिटेल तितकं बरं.

माझं म्हणणं आहे की दोन्ही सल्ले चुकीचे आहेत, आणि दोन्ही एकाच कारणानं चुकीचे आहेत. कार्ड बंद केल्यावर नक्की काय बदलतं हे बघायची तसदी दोघंही घेत नाहीत. ते बघायला फायनान्सची पदवी लागत नाही. स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट आणि पाचवीतला भागाकार पुरतो.

हे मला गेल्या वर्षी साताऱ्यात कळलं, माझ्या चुलतभावाच्या गृहकर्जाच्या निमित्तानं.

दादाकडे दोन कार्डं होती. एक जून २०१४ मध्ये घेतलेलं, लिमिट दीड लाख. दुसरं जून २०२१ मधलं, लिमिट ७५ हजार. घरखर्च, पेट्रोल, मुलीची फी असं सगळं तो दुसऱ्या कार्डावर करायचा आणि दर महिन्याला पूर्ण बिल भरायचा. एक दिवसाचाही उशीर नाही. जुनं कार्ड नुसतं कपाटात होतं आणि त्याची वार्षिक फी १,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,१८० रुपये दरवर्षी जायचे. साताऱ्यात फ्लॅट बघून झाला, ३० लाखांच्या कर्जाचा अर्ज करायचं ठरलं. काकू म्हणाली, ‘कर्ज घ्यायच्या आधी ती जुनी लफडी मिटव बाबा.’ दादानं आज्ञाधारकपणे जुनं कार्ड बंद केलं आणि तीन आठवड्यांनी अर्ज दिला.

अर्जाआधीच्या महिन्यात त्यानं फोनवर स्कोअर पाहिला होता, ७६८. बँकेनं पाहिला तेव्हा निघाला ७४१. अनेक बँका गृहकर्जाचा दर स्कोअरच्या टप्प्यांनुसार ठरवतात. या बँकेचा टप्पा ७५० वर होता. वरच्यांना साडेआठ टक्के, खालच्यांना ८.६५. ऐकायला फरक काहीच नाही. पण ३० लाख आणि २० वर्षांचा हिशेब मांडला की हप्ता २६,०३५ वरून २६,३२० होतो. महिन्याला २८५ रुपये. हा फरक शेवटपर्यंत टिकला तर एकूण ६८ हजारांच्या पुढे. अकराशे ऐंशी रुपये वाचवायला गेलेला माणूस घरात डोक्याला हात लावून बसला होता, आणि काकू स्वतःलाच दोष देत होती.

दादाचा निष्कर्ष रीलवाल्यांचाच होता. ‘अकरा वर्षांचा इतिहास मी एका फोनवर पुसून टाकला.’

मी म्हटलं, आधी रिपोर्ट काढू. आपल्याकडे सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार क्रेडिट माहिती कंपन्या आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार या प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्यानं स्कोअर कमी होत नाही, हेही एकदा सांगून टाकतो, कारण तीही एक भीती फिरत असते.

रिपोर्ट उघडला. जुनं कार्ड तिथेच होतं. Date Opened समोर जून २०१४. Date Closed समोर नुकतीच तारीख. आणि खाली महिन्यामागून महिना वेळेवर केलेल्या भरण्याच्या नोंदी, जशाच्या तशा. काहीही पुसलं गेलं नव्हतं.

इतिहासाच्या लांबीबद्दलचा सगळा गोंधळ इथे आहे. कार्ड बंद होणं आणि कार्डाची नोंद नाहीशी होणं या दोन वेगळ्या घटना आहेत. क्रेडिट माहिती कंपन्यांनी नोंदी किमान सात वर्षं जपायच्या असतात. बंद खातं त्या काळात रिपोर्टमध्ये दिसत राहतं, आणि चांगलं चाललेलं असेल तर चांगलं म्हणूनच दिसतं.

मग स्कोअर काढताना बंद खात्याचं वय धरतात की नाही? अमेरिकेतल्या फायको स्कोअरबद्दल तिथली कंपनी उघड सांगते की रिपोर्टमध्ये आहे तोवर बंद खात्याचंही वय मोजलं जातं. आपल्याकडच्या कंपन्यांनी आपलं पूर्ण सूत्र जाहीर केलेलं नाही. त्यामुळे दोन्ही शक्यता धरून बघू. बंद खातं मोजत असतील तर दादाच्या दोन खात्यांचं वय ११ आणि ४ वर्षं, सरासरी साडेसात. कार्ड बंद केल्यावरही तेवढीच. फक्त चालू खाती मोजत असतील तर सरासरी साडेसातवरून चारवर येते. हे नुकसान खरं आहे. पण आता सात वर्षं पुढे जा. २०३२ मध्ये जुन्या कार्डाची नोंद रिपोर्टमधून गेली असं समजा. तोवर दादाचं दुसरं कार्ड ११ वर्षांचं झालेलं असेल. म्हणजे आज जुनं कार्ड जेवढं जुनं आहे, तेवढंच. नोंद जाईपर्यंत तिची जागा भरलेली असते.

ज्याच्याकडे चांगलं चाललेलं आणखी एखादं खातं आहे, त्याच्यासाठी ‘इतिहास पुसला जाईल’ ही भीती बरीचशी बुजगावण्यासारखी आहे.

मग २७ गुण गेले कुठे? रिपोर्टमधल्या दुसऱ्या एका रकान्यात.

कार्डांच्या एकूण लिमिटपैकी किती टक्के रक्कम वापरात आहे, याला युटिलायझेशन म्हणतात. वापरलेली रक्कम भागिले एकूण लिमिट, एवढंच. दादाच्या दुसऱ्या कार्डावर त्या वेळी ४८ हजार रुपये दिसत होते. आधी एकूण लिमिट होतं सव्वादोन लाख. ४८ हजार भागिले २ लाख २५ हजार, म्हणजे साधारण २१ टक्के. जुनं कार्ड गेलं तसे त्याच्या लिमिटचे दीड लाखही गेले. उरले ७५ हजार. ४८ हजार भागिले ७५ हजार, म्हणजे ६४ टक्के.

दादानं एक रुपयाही जास्त खर्च केला नव्हता. वरचा आकडा तोच होता, खालचा आकडा एक तृतीयांश झाला. पण बँकेच्या चष्म्यातून पाहिलं तर हा माणूस अचानक आपल्या ऐपतीच्या टोकाला येऊन जगायला लागला होता, आणि त्याच महिन्यात ३० लाखांचं कर्जही मागत होता.

‘पण मी तर पूर्ण बिल भरतो,’ दादा म्हणाला. हा प्रश्न सगळ्यांना पडतो. उत्तर असं आहे की रिपोर्ट म्हणजे चित्रफीत नाही, फोटो आहे. बँक एका ठरावीक दिवशी तुमच्या कार्डावर किती रक्कम दिसते ते कळवते. १ जानेवारी २०२५ पासून हे निदान दर पंधरवड्याला कळवणं बँकांना बंधनकारक आहे. तुम्ही ड्यू डेटला सगळं भरता हे भरण्याच्या इतिहासात चांगलंच दिसतं. पण फोटो त्याआधी निघाला असेल तर त्यात ४८ हजारच दिसतात. रिपोर्टमध्ये Current Balance हा आकडा आणि तो कोणत्या तारखेचा आहे हेही लिहिलेलं असतं. बहुतेक जण ते कधी बघत नाहीत.

म्हणून आम्ही एकच गोष्ट बदलली. ड्यू डेटची वाट न बघता, स्टेटमेंट निघायच्या आधीच दादानं ४८ हजारांपैकी ४० हजार भरून टाकले. त्या महिन्यात मोठा खर्च UPI आणि डेबिट कार्डावर वळवला. पुढच्या फोटोत कार्डावर ८ हजार दिसले. ८ हजार भागिले ७५ हजार, ११ टक्क्यांच्या आत. पाच-सहा आठवड्यांनी स्कोअर पुन्हा पाहिला, ७६४. कर्ज अजून मंजूर व्हायचं होतं, बँकेला नवा रिपोर्ट काढायची विनंती केली आणि दर साडेआठवर आला.

यात लक्षात घ्यायची गोष्ट ही की जुनं कार्ड तेव्हाही बंदच होतं. अकरा वर्षांचं वय काही परत आलं नव्हतं. बँकेनं स्कोअर पाहिल्याची चौकशीची नोंदसुद्धा रिपोर्टमध्ये तशीच होती. बदललं ते फक्त युटिलायझेशन, आणि जवळजवळ सगळे गुण परत आले. एका माणसाच्या स्कोअरवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे कबूल. नवी मॉडेल्स मागच्या महिन्यांचा कलही पाहतात, त्यामुळे प्रत्येकाचं इतक्या लवकर सावरेलच असं नाही. पण कुठे बोट ठेवायचं हे यातून कळतं. वय हळूहळू वाढतं आणि हळूहळू जातं. युटिलायझेशन महिन्याभरात बिघडतं आणि बहुतेक वेळा महिन्या-दोन महिन्यांत सुधारतं. रील आपल्याला पहिल्या गोष्टीला घाबरायला शिकवतात आणि आपला पाय दुसऱ्यावरून घसरतो.

आता ज्यांच्याबाबत ‘जुनं कार्ड बंद करू नका’ हा सल्ला खरंच योग्य आहे, अशा एका गटाबद्दल. सांगली-साताऱ्यात हा गट लहान नाही.

आमच्या दोन्ही शहरांना एकेकाळी स्वतःची बँक होती. सांगली बँक १९१६ ची, साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न १९३६ ची. २००६ मध्ये युनायटेड वेस्टर्न आयडीबीआयमध्ये विलीन झाली, पुढच्याच वर्षी सांगली बँक आयसीआयसीआयमध्ये. माझ्या आजोबांच्या पिढीला कर्ज देताना समोरचा मॅनेजर त्यांचं दुकान, त्यांचा ऊस, त्यांचे भाऊबंद ओळखत असे. ते सगळं छान होतं असं मी म्हणणार नाही. ज्याला मॅनेजर ओळखत नव्हता त्याचं काय व्हायचं, हेही विचारायला हवं. पण आता ओळखीची जागा फाइलनं घेतली आहे, आणि फाइलमध्ये जे नाही ते घडलेलंच नाही असं समजलं जातं.

आपल्याकडचा निम्मा व्यवहार या फाइलमध्ये नसतो. पतसंस्थेचं कर्ज, भिशी, सोनाराकडची उधारी. वडिलांनी वीस वर्षं पतसंस्थेचे हप्ते चोख भरलेले असतात, पण बहुतेक पतसंस्थांचे व्यवहार क्रेडिट रिपोर्टमध्ये येत नाहीत. संस्थेच्या नावातच ‘पत’ आहे, आणि तिथे कमावलेली पत स्कोअरला दिसत नाही. अशा घरातल्या मुलाचं किंवा मुलीचं पहिलं कार्ड हा त्या घराचा फाइलमधला पहिला आणि एकमेव कागद असतो.

तुमच्याकडे एकच कार्ड असेल, दुसरं कोणतंही कर्ज चालू नसेल, तर ते बंद करताना प्रश्न सरासरी वयाचा नसतो. प्रश्न असा की त्यानंतर तुमच्याबद्दल नवीन काहीच कळवलं जात नाही. दोनेक वर्षं असंच गेलं तर स्कोअरच्या जागी आकडा न दिसता NH दिसू शकतं, म्हणजे इतिहास नाही. अशा माणसाला मी सांगेन की थांब. आधी फी नसलेलं दुसरं कार्ड घे, अगदी मुदत ठेवीवर मिळणारं चालेल, ते वर्षभर नीट वापर, आणि मग पहिल्याचा विचार कर.

पण हा सल्ला परिस्थितीवर आधारलेला आहे. ‘कधीच नाही’ हा सल्ला नाही, ती घोषणा आहे. आणि ती घोषणा फुकट पडत नाही.

कपाटातलं कार्ड सुरक्षित असतं, हा मोठा गैरसमज. माझ्या ओळखीतल्या एका काकांचं असंच कार्ड होतं. फी लागली, ईमेल आला तो जुन्या पत्त्यावर, मोबाइल नंबर बदललेला. ५९० रुपयांची फी थकली, त्यावर विलंब शुल्क, व्याज, त्यावर पुन्हा जीएसटी. ड्यू डेटनंतर तीन दिवसांहून जास्त थकलं की बँक ते थकीत म्हणून क्रेडिट माहिती कंपन्यांना कळवू शकते, आणि इथे तर महिने गेले. स्कोअर सांभाळायला ठेवलेल्या कार्डानंच त्यांच्या रिपोर्टवर थकबाकीचा डाग लावला. युटिलायझेशनसारखा हा डाग महिन्याभरात जात नाही. भरण्यातली चूक ही स्कोअरसाठी सगळ्यात वाईट बातमी, आणि ती आली न वापरलेल्या कार्डामुळे.

दुसरी गोष्ट अशी की ‘कधीच बंद करू नका’ हे तुमच्या एकट्याच्या हातात नाहीच. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार, वर्षाहून अधिक काळ न वापरलेलं कार्ड बंद करण्याची प्रक्रिया बँकेनं ग्राहकाला कळवून सुरू करायची असते. तीस दिवसांत उत्तर आलं नाही आणि थकबाकी नसेल, तर कार्ड बंद. म्हणजे नुसतं जपून ठेवलेलं कार्ड कदाचित नेमकं तुमच्या कर्जाच्या अर्जाच्या महिन्यातच बंद होईल. ठेवायचंच असेल तर वापरा. दोन-तीन महिन्यांतून एकदा विजेचं बिल किंवा रिचार्ज त्यावर करा आणि बिल आपोआप पूर्ण भरलं जाईल अशी सोय लावा. एवढंही करायचं नसेल तर तुम्ही ते ठेवत नाही आहात, विसरत आहात.

आणि बंद करायचं असेल तर ते नीट बंद करता येतं. आधी भागाकार करा. हे लिमिट गेल्यावर युटिलायझेशन किती होईल? तीस टक्क्यांच्या खाली राहत असेल तर फारसं काही बिघडत नाही, हा सरधोपट पण उपयोगी अंदाज. वर जात असेल तर आधी उरलेल्या कार्डाचं लिमिट वाढवून घ्या किंवा त्यावरची रक्कम स्टेटमेंटआधी कमी करा. पुढच्या सहा महिन्यांत मोठं कर्ज घ्यायचं असेल तर ते मंजूर होऊन हातात येईपर्यंत थांबा. दादाची चूक कार्ड बंद करण्याची नव्हती, मुहूर्ताची होती.

मग कार्डावरचे ऑटो-पे दुसरीकडे हलवा, पॉइंट वापरून टाका, सगळी रक्कम भरा. अर्ज ईमेल किंवा अ‍ॅपवरून द्या, म्हणजे तारखेचा पुरावा राहतो. थकबाकी नसेल तर बँकेनं सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद केलं पाहिजे. नाही केलं तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये बँकेनं तुम्हाला द्यायचे असतात. फोनवरचा माणूस ‘सिबिल पडेल’ हे आठवणीनं सांगतो, हे मात्र सांगायला विसरतो. थकबाकी नसल्याचं पत्र घ्या आणि दीड-दोन महिन्यांनी रिपोर्टमध्ये Date Closed आली आहे आणि बाकी शून्य आहे ना, हे डोळ्यांनी बघा. स्टेटमेंटनंतर लागलेलं चाळीस-पन्नास रुपयांचं व्याज मागे राहिलं तर तेच पुढे थकबाकी म्हणून उगवतं.

माझा राग कार्डावर नाही, स्कोअरवरही नाही. राग या गोष्टीवर आहे की ज्या आकड्यावर आमच्या घराचा व्याजदर ठरतो, त्याचा हिशेब आम्हाला पूर्ण दाखवला जात नाही. बंद खात्याचं वय किती आणि किती काळ धरता, हे या कंपन्या साध्या मराठीत रिपोर्टच्या पहिल्या पानावर लिहू शकतात. लिहीत नाहीत. त्या रिकाम्या जागेत मग फोनवरचा माणूस येतो, रील येतात, काकू येते. आणि ज्याला कार्ड नको आहे तो दरवर्षी अकराशे ऐंशी रुपये भीतीचं भाडं म्हणून भरत राहतो.

दादानं ते भाडं भरणं बंद केलं. फ्लॅटचा हप्ता सुरू झाला आहे, कार्ड एकच आहे, आणि स्टेटमेंटच्या आदल्या दिवशी तो न चुकता बहुतेक रक्कम भरून टाकतो. परवा काकूनं विचारलं, ‘ते उरलेलं कार्डही मिटवायचं का रे आता?’ दादानं वही पुढे ओढली आणि तिला भागाकार करून दाखवला.